गोळी सुरू झाली, तरी इंजेक्शन लगेच का थांबवायचे नाही?

*«माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. घोट्याचे हाड मोडल्याने दीड महिना त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. रविवारी मांडीपर्यंत सूज आली आणि डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. सोमवारपासून पोटावर दिवसातून दोन वेळा एनॉक्सापॅरिनचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन चालू आहे आणि त्याच रात्री नऊ वाजता वॉरफरिनची ५ मिलिग्रॅमची गोळीही सुरू केली. आज गुरुवारी सकाळी आयएनआर २.१ आला. चिठ्ठीवर तर ‘२ ते ३ हवा’ असेच लिहिले आहे. दोन्ही औषधे रक्त पातळ करणारीच आहेत, मग इंजेक्शने अजून कशासाठी? बाबांचे पोट काळेनिळे पडले आहे आणि खर्चही होतो आहे. इंजेक्शने बंद करून गोळी थोडी वाढवली तर चालणार नाही का?»*

*— एक मुलगी*

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला कळवले होते, की डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही इंजेक्शन चुकवू नका. तेव्हा कारणे सांगायला सवड नव्हती. ती इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआरचा तो २.१ आकडा पाहून इंजेक्शने परस्पर थांबवलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

आधी ‘रक्त पातळ करणे’ या शब्दांकडे पाहू. आम्ही डॉक्टरही ते सर्रास वापरतो, त्यामुळे चूक तुमची नाही. पण या दोन्ही औषधांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही आणि झालेली गुठळीही विरघळत नाही. गुठळी विरघळवण्याचे काम शरीरातले प्लाझ्मिन नावाचे विकर करते आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. औषधांचे काम एवढेच, की तोवर त्या गुठळीवर नवे थर चढू नयेत आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका कमी व्हावा. गुठळीवर थर चढण्याचा वेग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून या दिवसांत औषध ‘चालू आहे’ एवढे पुरत नाही. त्याचा परिणाम या क्षणी रक्तात आहे का, हे पाहावे लागते.

दोन्ही औषधांमधला फरक समजून घ्यायचा असेल तर रक्त तपासायला जाल तेव्हा तंत्रज्ञाच्या टेबलावरच्या नळ्यांकडे पाहा. त्यात एक हिरव्या टोपणाची नळी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर हेपॅरिनचा, म्हणजे तुमच्या बाबांच्या इंजेक्शनातल्या औषधाच्याच जातीच्या द्रव्याचा, पातळ लेप असतो. रक्त साध्या काचेच्या नळीत ठेवले तर काही मिनिटांत गोठून ते घट्ट होते, पण हिरव्या टोपणाच्या नळीत ते द्रवच राहते. आता कल्पना करा, की लेप हेपॅरिनचा नसून वॉरफरिनचा आहे. वॉरफरिन कितीही घातले तरी त्या नळीतले रक्त साध्या नळीतल्यासारखेच गोठेल. कारण हेपॅरिन ज्यावर काम करते ते सारे नळीतल्या रक्तातच हजर असते, आणि वॉरफरिन ज्यावर काम करते ते यकृतात असते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या हिरव्या टोपणाखाली आहे.

हेपॅरिन नळीत नेमके काय करते, ते पाहू. रक्त गोठते तेव्हा थ्रॉम्बिन नावाचे विकर फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तुकडे करून त्यापासून फायब्रिनचे धागे बनवते. हे थ्रॉम्बिन तयार करणारे विकर म्हणजे ‘दहावा घटक’, अर्थात त्याचे सक्रिय रूप. दोघांनाही आवर घालण्यासाठी रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन सदैव फिरत असते. त्याच्या अंगावर एक लवचीक फास बाहेर आलेला असतो. तो जणू आमिष असतो, कारण थ्रॉम्बिनला तो कापण्याजोगा वाटतो. थ्रॉम्बिन तो फास कापायला धजावले, की उंदराचा चाप मिटावा तसा तो फास झटक्यात अँटिथ्रॉम्बिनच्या आत शिरतो. कापणारे थ्रॉम्बिनही त्याला चिकटून ओढले जाते, प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळते आणि तिथे त्याचा आकारच बिघडतो. मग त्याची सुटका नाही. चाप आणि शिकार यांची ती जोडगोळी काही वेळात रक्तातून काढून टाकली जाते.

अडचण एवढीच, की हा चाप एरवी फार सावकाश काम करतो. आमिषाचा तो फास थोडा आत दडपलेला असतो. हेपॅरिन ही साखरेच्या कणांची लांब साखळी आहे आणि तिच्यावर गंधकयुक्त गटांमुळे भरपूर ऋण विद्युतभार असतो. या साखळीत पाच साखरकणांचा एक विशिष्ट क्रम असतो, तो अँटिथ्रॉम्बिनच्या एका खाचेत नेमका बसतो. तो बसताच प्रथिनाचा आकार बदलतो आणि दडपलेला फास बाहेर येतो. दहाव्या घटकाला पकडायला एवढा बदल पुरतो. थ्रॉम्बिनसाठी मात्र साखळी निदान अठरा साखरकणांची लागते, कारण तिच्या एका टोकाला अँटिथ्रॉम्बिन आणि दुसऱ्या टोकाला थ्रॉम्बिन असे दोघे धरून ठेवून त्यांना एकमेकांजवळ आणावे लागते. तुमच्या वडिलांना दिले जाणारे एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनचे छोट्या साखळ्यांचे रूप आहे. त्यातल्या बहुतेक साखळ्या अठरा कणांपेक्षा आखूड असल्यामुळे त्याचा मुख्य भर दहाव्या घटकावर असतो.

साध्या हेपॅरिनमुळे या पकडीचा वेग सुमारे हजार पटींनी वाढतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की शिकार अडकली की हेपॅरिनची साखळी सुटते आणि पुढच्या अँटिथ्रॉम्बिनकडे जाते. ती स्वतः खर्च होत नाही. त्यामुळे थोड्याशा हेपॅरिनने पुष्कळ काम होते आणि तेही ताबडतोब. शिरेतून दिले तर परिणाम काही मिनिटांत दिसतो, आणि पोटाच्या त्वचेखाली एनॉक्सापॅरिन टोचले तर तीन ते पाच तासांत तो पूर्णत्वाला पोहोचतो. यकृताने काही नवे बनवावे किंवा जुने संपावे, याची वाट हेपॅरिनला पाहावी लागत नाही.

एका गोष्टीचा इथे उल्लेख करावासा वाटतो. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले. पण ते एकट्याच्या बळावर काम करत नाही, त्याला रक्तद्रवातल्या आणखी कशाची तरी सोबत लागते, हे १९३९ मध्ये केनेथ ब्रिंकहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हा केवळ इतिहास नाही. मूत्रपिंडाच्या काही आजारांत लघवीतून खूप प्रथिने जातात आणि त्यांबरोबर अँटिथ्रॉम्बिनही जाते. अशा रुग्णाला हेपॅरिनचा भरपूर डोस देऊनही अपेक्षित परिणाम मिळत नाही, कारण चाप उघडणारा हात आहे, पण चापच कमी पडले आहेत. इंजेक्शन ‘लागू पडत नाही’ असे वाटले, तर डॉक्टर अँटिथ्रॉम्बिनची पातळी का तपासायला सांगतात, त्याचे कारण हे आहे.

आता गोळीकडे वळू. रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक यकृतात तयार होतात. बाहेर पडण्यापूर्वी त्यांच्यावर एक शेवटचा हात फिरवावा लागतो, म्हणजे जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने त्यांना कॅल्शियम धरून ठेवण्याची क्षमता दिली जाते. ती नसेल तर हे घटक गुठळीच्या जागी नीट टेकू शकत नाहीत. या कामात जीवनसत्त्व ‘के’ वापरले जाते आणि एक विकर त्याला पुन्हा कामाजोगे करते. वॉरफरिन त्या विकराला अडवते. परिणामी यकृतातून अर्धवट, निरुपयोगी घटक बाहेर पडू लागतात. मात्र कालपर्यंत तयार होऊन रक्तात आलेल्या चांगल्या घटकांना वॉरफरिन हातही लावत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद केला, म्हणून खालच्या नळाचे पाणी लगेच थांबत नाही. टाकीत आहे तेवढे येतच राहते. वॉरफरिन पंप बंद करते आणि हेपॅरिन थेट नळ आवळते.

आणि इथे टाक्या चार आहेत, त्या रिकाम्या होण्याचा वेगही वेगवेगळा आहे. सातवा घटक दर ६ तासांनी निम्मा होतो, नववा सुमारे दिवसभरात, दहावा दीड दिवसाच्या आसपास, आणि दुसरा घटक, ज्यापासून थ्रॉम्बिन बनते, तो निम्मा व्हायला सुमारे ६० तास लागतात. तुमच्या बाबांचा हिशेब मांडून पाहा. पहिली गोळी सोमवारी रात्री नऊला घेतली आणि रक्त गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास दिले, म्हणजे मध्ये ६० तास गेले. सोयीसाठी असे धरू, की पहिल्या गोळीपासून नवी निर्मिती पूर्ण थांबली. प्रत्यक्षात ती पूर्ण थांबत नाही, त्यामुळे खरे आकडे याहून जास्तच असतात. या हिशेबाने गुरुवारी सातवा घटक दहा वेळा निम्मा होऊन जवळजवळ संपला, पण दुसरा घटक फक्त एकदा निम्मा झाला आणि अजून ५० टक्के शिल्लक आहे. तो २५ टक्क्यांवर येण्यासाठी १२० तास लागतील, म्हणजे शनिवारची रात्र उजाडावी लागेल. गुठळी वाढू न देण्याचा वॉरफरिनचा खरा परिणाम या दुसऱ्या घटकाच्या घसरणीवर सर्वांत जास्त अवलंबून असतो.

मग आयएनआर २.१ आला कसा? ज्या चाचणीतून हा आकडा काढतात, ती सातवा घटक कमी झाला की लगेच लांबते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतला आयएनआर मुख्यतः ‘सातवा घटक संपला’ एवढेच सांगतो. आकडा खरा आहे आणि प्रयोगशाळेची चूकही नाही. त्यातून आपण काढलेला अर्थ मात्र घाईचा असतो. तोच २.१ हा आकडा आठव्या दिवशी आला असता, तर मी निश्चिंत राहिलो असतो.

याहून गंभीर असे एक कारण आहे, जे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. गोठणे रोखणारे प्रथिन सी हेही यकृतात जीवनसत्त्व ‘के’च्याच मदतीने बनते आणि तेही सुमारे ८ तासांत निम्मे होते. म्हणजे वॉरफरिन सुरू केल्यावर गोठवणारा दुसरा घटक भरपूर शिल्लक असतानाच, गोठणे थोपवणारे एक प्रथिन आधीच ओसरते. या काही दिवसांत रक्ताचा कल उलट गोठण्याकडे झुकू शकतो. हेपॅरिनचे छत्र नसेल तर गुठळी वाढू शकते आणि क्वचित प्रसंगी त्वचेतल्या बारीक शिरा गोठून मांडी, पोट किंवा स्तनावरची त्वचा काळी पडून मरते.

हे केवळ कागदावरचे तर्क नाहीत. नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉरफरिनच्याच जातीची असेनोकुमारॉल ही गोळी, जी आपल्याकडेही पुष्कळ दिली जाते, ती निम्म्या रुग्णांना एकटी दिली आणि निम्म्यांना हेपॅरिनबरोबर दिली. एकट्या गोळीवरच्या ६० पैकी १२ जणांना सहा महिन्यांत गुठळीचा त्रास पुन्हा झाला किंवा वाढला. दोन्ही औषधे मिळालेल्या ६० जणांपैकी असे ४ होते.

गोळी वाढवण्याच्या तुमच्या विचाराचेही उत्तर यातच आहे. डोस वाढवला म्हणजे पंप जास्त घट्ट बंद होईल, पण दुसऱ्या घटकाची टाकी लवकर रिकामी होणार नाही, कारण तिचे रिकामे होणे औषधाच्या हातात नाही. सातवा घटक आणि प्रथिन सी मात्र आणखी झपाट्याने खाली जातील, आयएनआर चारच्या वर चढेल आणि गुठळीपासूनचे संरक्षण आहे तेवढेच ठेवून रक्तस्रावाचा धोका मात्र तुम्ही पदरात घ्याल.

म्हणून प्रघात असा आहे, की दोन्ही औषधे किमान पाच दिवस एकत्र द्यायची आणि आयएनआर २ किंवा त्याहून वर गेल्यावर तो निदान २४ तास तिथे टिकला पाहिजे. या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, एक पुरत नाही. पाचव्या दिवशी आयएनआर १.७ असेल, तर सहाव्या आणि सातव्या दिवशीही इंजेक्शन घ्यावे लागते. तुमच्या बाबांच्या बाबतीत पाच दिवस शनिवारी रात्री भरतात. म्हणजे गुरुवारी सकाळच्या इंजेक्शनानंतर उरतात गुरुवार रात्रीचे एक, शुक्रवारची दोन आणि शनिवारची दोन, अशी पाच इंजेक्शने. खर्चाची चिंता खरी आहे आणि ती डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडा. घरी टोचायला तुम्हीच शिकलात, तर येण्याजाण्याचा आणि टोचण्याचा खर्च नक्की वाचेल.

घरी टोचताना पोटाची त्वचा चिमटीत धरून, बेंबीपासून चार बोटे दूर, सुई सरळ आत घाला आणि औषध संपेपर्यंत चिमटी सोडू नका. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, नुसती दाबून धरायची. एकदा डावी बाजू, एकदा उजवी. चोळल्याने पोटावरचे डाग आणखी मोठे होतात. नाण्याएवढे निळे डाग चिंतेचे नाहीत, पण डाग पसरत जाऊन खाली कडक गोळा लागला, तर दाखवायला न्या. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून क्रिएटिनिन तपासले आहे ना, एवढे विचारा. हेपॅरिनमुळे काही जणांत, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, प्लेटलेट्स एकदम घटतात आणि विचित्र म्हणजे त्यातून नव्या गुठळ्या होतात. त्यामुळे शनिवारच्या आयएनआरबरोबर प्लेटलेट्सही मोजून घ्या. सुरुवातीच्या आकड्याच्या निम्म्यावर त्या आल्या असतील, तर पुढचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

घोटा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणू नका. दंडावर किंवा कंबरेवर स्नायूत दिली जाणारी इंजेक्शनेही सध्या टाळायला सांगा. मेथी, पालक, शेपू सोडायची गरज नाही, मात्र एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असे करू नका, कारण त्यांच्यातल्या जीवनसत्त्व ‘के’ने आयएनआर वरखाली होतो. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, शौचास डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तिसरा मार्गही आहे आणि डॉक्टरांना त्याबद्दल विचारण्यात गैर काही नाही. अपिक्साबॅन आणि रिव्हरोक्साबॅन या गोळ्या अँटिथ्रॉम्बिनच्या मध्यस्थीशिवाय दहाव्या घटकाला स्वतःच जाऊन अडवतात. त्यांचा परिणाम काही तासांत सुरू होतो, म्हणून त्यांच्याबरोबर इंजेक्शनाची अशी जोड सहसा लागत नाही. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे किंवा ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, त्यांच्यासाठी मात्र वॉरफरिनच योग्य ठरते. मूत्रपिंडाची स्थिती आणि किंमत हेही पाहावे लागते. आता निम्म्या वाटेवर बदल करायचा की सध्याची जोडी पूर्ण करायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच बाबांचे सगळे कागद पाहून ठरवावे.

वॉरफरिन जसे हळू चढते, तसे ते हळूच उतरते, हेही ध्यानात असू द्या. शिरेतून दिलेल्या हेपॅरिनचा परिणाम ते थांबवल्यावर काही तासांत ओसरतो आणि घाई असेल तर प्रोटामिनने ते लगेच निष्प्रभ करता येते. वॉरफरिनवर जीवनसत्त्व ‘के’ दिले तरी यकृताला नवे घटक बनवायला काही तास लागतात, आणि नुसती गोळी थांबवली तर काही दिवस जावे लागतात. पुढे बाबांना दात काढायचा असेल, तर दंतवैद्यांना आठवडाभर आधी सांगा. आदल्या संध्याकाळी गोळी बंद करून काही उपयोग नाही.

आत्ता मात्र एवढेच करा. फाइलच्या पहिल्या पानावर ‘पहिली गोळी : सोमवार, रात्री ९’ असे ठळक लिहा आणि त्याखाली प्रत्येक आयएनआर तारखेसह आणि वेळेसह लिहीत जा. शनिवारी सकाळचा आकडाही २ किंवा त्याहून वर राहिला, तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवून शनिवार रात्रीचे इंजेक्शन शेवटचे का, हे त्यांनाच विचारा.